मधला पट्टा पांढराच का?

[काळे पडदे ओढले जातात. बाहेरून लोकलची धडधड.]
दादरच्या एका कॉलेजची डार्करूम. दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे पट्टे बघण्याच्या प्रॅक्टिकलला एरवी सोडियमचा दिवा असतो. आज बाईंनी त्याच्या जागी साधा हॅलोजनचा बल्ब लावलाय. त्याच्यापुढे एक बारीक फट, तिच्यापुढे दोन जुळ्या फटी. जुळ्यांमध्ये अंतर पाव मिलिमीटर. तिथून मीटरभर लांब आयपीस.

[आयपीसमध्ये नुसता उजेड. बाईंचा हात स्क्रू आवळतो.]
पहिली फट रुंद असली की हे असं होतं. तिच्या प्रत्येक भागातून आलेला प्रकाश आपले पट्टे वेगळ्या जागी पाडतो आणि सगळे एकमेकांत मिसळून जातात. स्क्रू घाईने फिरवून चालत नाही. थोडा... अजून थोडा... आले!

[क्लोजअप: मधला पट्टा.]
बरोबर मध्ये पांढरा. इथे पोचायला दोन्ही फटींतून प्रकाशाला सारखंच अंतर कापावं लागतं. मार्गातला फरक शून्य. निळ्यालाही शून्य आणि लाललाही. तरंगलांबी कुठलीही असो, दोन्हीकडच्या लाटा जुळूनच येतात. सगळे रंग एकाच जागी उजळतात.

[कॅमेरा सावकाश बाजूला सरकतो.]
पण या पांढऱ्याची कड बघा, तांबूस आहे. पुस्तकातल्या आकृतीत ही सहसा सापडत नाही. मध्यापासून ०.९ मिलिमीटरवर निळा पार विझलेला असतो, लाल मात्र अजून थोडा शिल्लक असतो.

पुढचा पट्टा उजळायला मार्गातला फरक पूर्ण एक तरंगलांबी हवा, आणि ती ज्याची त्याची वेगळी. निळ्याची ४५० नॅनोमीटर धरली, तर त्याचा पट्टा १.८ मिलिमीटरवर पडतो. लालची ६५०, म्हणून त्याचा २.६ वर. आतून निळा, बाहेरून लाल, तो असा.

आणखी पुढे गेलं की गर्दी होते. लालचा दुसरा पट्टा ५.२ वर, निळ्याचा तिसरा ५.४ वर, जवळजवळ एकमेकांच्या अंगावर. त्यापुढे इतके रंग मिसळतात की फिकट पांढुरकेपणाच उरतो.

[सोडियमचा दिवा लागतो. पिवळे पट्टे.]
सोडियमच्या प्रकाशात पट्टे भरपूर दिसतात, पण सगळे सारखेच. मधला कोणता, सांगा बघू!

[पुन्हा हॅलोजन. चिमट्यात अभ्रकाचा पापुद्रा.]
पांढऱ्या प्रकाशात ती अडचण नाही. एका फटीपुढे अभ्रक धरला की त्यातून जाणारा प्रकाश मागे पडतो, आणि दोन्ही वाटा बरोबरीला येण्याची जागाच त्या फटीच्या बाजूला सरकते. पांढरा पट्टाही तिच्यासोबत जातो. तो ५.८ मिलिमीटर सरकला आणि अभ्रकाचा अपवर्तनांक १.५८ असला, तर पापुद्र्याची जाडी निघते साधारण अडीच मायक्रॉन.