मंदीतली उसळी : जुलै २००८ चे पाच दिवस

[दलाल स्ट्रीट, सकाळची वेळ. मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीवर सरकत जाणारे भाव.]

२३ जुलै २००८, बुधवार. आदल्या संध्याकाळी लोकसभेत मनमोहनसिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला होता. भारत-अमेरिका अणुकराराच्या मुद्द्यावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतल्यानंतर सरकार टिकेल की नाही याबद्दल काही आठवडे चाललेली अनिश्चितता त्या मतदानाने संपली. बाजार उघडला तोच उसळी घेऊन, आणि दिवसअखेर सेन्सेक्स ८३८ अंशांनी वाढून १४,९४२ वर बंद झाला. अवघ्या पाच सत्रांपूर्वी, १६ जुलैला, हाच निर्देशांक १२,५७६ वर होता. म्हणजे एका आठवड्यात जवळजवळ १९ टक्के वाढ. मुदत ठेवीवर एवढे व्याज मिळवायला त्या काळीही दोन वर्षे लागली असती.

ज्यांनी जानेवारीपासून बाजाराकडे पाठ फिरवली होती, त्यांनी त्या बुधवारी पुन्हा ब्रोकरला फोन लावले, आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. सरकार वाचले होते. ११ जुलैला पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलेले खनिज तेल झपाट्याने उतरू लागले होते. तेल आयात करणाऱ्या देशाच्या बाजाराने यावर आनंद मानावा, यात गैर काहीच नव्हते. बातम्या खऱ्या होत्या आणि वाढही खरी होती. प्रश्न एवढाच होता, की त्या पाच दिवसांत खरेदी करत होते कोण, आणि कशासाठी?

[सेन्सेक्सचा आलेख, जानेवारी ते जुलै २००८.]

अशा वाढीला बाजाराच्या भाषेत ‘डेड कॅट बाऊन्स’ म्हणतात. पुरेशा उंचीवरून पडले तर मेलेले मांजरही जमिनीवर आदळून थोडे उसळते, अशी त्यामागची कल्पना आहे. १९८५ च्या डिसेंबरात सिंगापूर आणि मलेशियाच्या बाजारांविषयी लिहिताना ‘फायनान्शियल टाइम्स’ने हा शब्दप्रयोग केला आणि तो रुळला. उपमा क्रूर आहे. शिवाय ती थोडी फसवीही आहे. मांजर मेले आहे हे उसळी पाहून कळत नाही, ते उसळी संपल्यावरच कळते.

त्या वर्षाचा आलेख पाहू. ८ जानेवारीला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला, तो शिखराचा बंद भाव. २१ जानेवारीला तो एका दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घसरण इतकी तीव्र झाली की व्यवहार तासभर थांबवावे लागले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २५ जानेवारीला, निर्देशांक १,१४० अंशांनी वाढला. अंशांच्या हिशेबात एका दिवसातली ती तोपर्यंतची सर्वांत मोठी वाढ होती. चार वर्षांच्या तेजीत जे एकदाही घडले नाही, ते मंदीच्या पहिल्याच आठवड्यात घडले. हा योगायोग नाही, आणि याचे कारण वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच ठरवण्याच्या बाजारात, सापडते.

[ब्रोकरचे कार्यालय. पडद्यावर एका शेअरच्या वायद्याचा भाव.]

घसरत्या बाजारात अनेक जण हातात शेअर नसताना वायद्यात विक्री करतात; भाव पडल्यावर स्वस्तात परत घ्यायचे आणि मधला फरक खिशात घालायचा, हा त्यांचा धंदा. समजा, एका शेअरच्या वायद्याचा लॉट १,००० शेअरचा आहे आणि मार्जिन, म्हणजे सौद्याच्या किमतीपैकी आगाऊ ठेवायची रक्कम, २० टक्के भरावे लागते. पहिल्या विक्रेत्याने ५०० रुपयांना विकले. भाव ४०० झाला, त्याचे एक लाख रुपये सुटले. त्याचे पाहून दुसऱ्याने ४०० ला विकले आणि त्यासाठी ८०,००० रुपये मार्जिन भरले. आता या शेअरने निर्देशांकासारखीच १९ टक्के उसळी घेतली, तर भाव ४७६ होतो. दुसऱ्या विक्रेत्याचे ८०,००० पैकी ७६,००० रुपये पाच सत्रांत गेले. ते शेवटी एकदम जात नाहीत. वायद्याचा हिशेब रोज संध्याकाळी चुकता होतो, म्हणून ब्रोकरचा फोन रोज येतो. पैसे भरा, नाहीतर सौदा कापा.

सौदा कापायचा म्हणजे काय करायचे? तर खरेदी. त्याच्या खरेदीने भाव आणखी चढतो, मग त्याच्या वर बसलेल्या विक्रेत्याला फोन जातो, आणि तोही कोणत्याही भावात खरेदी करून बाहेर पडतो. याला शॉर्ट कव्हरिंग म्हणतात. मंदी जितकी जुनी आणि तिच्यावरचा विश्वास जितका ठाम, तितके असे उधारीचे विक्रेते जास्त, आणि म्हणून एखादी चांगली बातमी येताच होणारी पळापळही तितकीच मोठी. आपल्याला बाहेरून दिसते ती मागणी, पण तिच्यातला मोठा भाग कंपनीचा मालक होऊ इच्छिणाऱ्यांचा नसतो. तो जुने देणे फेडून सुटू पाहणाऱ्यांचा असतो. शेवटचा माणूस सुटला की ही मागणी एकाएकी संपते, कारण तिच्यामागे दुसरे कोणी उभे नसते.

हे ओळखायला एक खूण बरीच उपयोगी पडते. राष्ट्रीय शेअर बाजार वायद्यांतील उभ्या सौद्यांचा, म्हणजे ओपन इंटरेस्टचा, आकडा रोज जाहीर करतो. भाव चढतो आहे आणि उभे सौदेही वाढत आहेत, तर नवे लोक पैसे घेऊन येत आहेत असे मानायला जागा असते. भाव चढतो आहे आणि उभे सौदे घटत आहेत, तर जुने सौदे कापले जात आहेत. मात्र वायद्याची मुदत महिन्याच्या अखेरीस संपत असताना सौदे पुढच्या महिन्यात नेले जातात. त्या दिवसांत एकाच महिन्याचा आकडा पाहिला तर हमखास गल्लत होते, दोन्ही महिन्यांची बेरीज पाहावी लागते.

[आलेखावर तीन बिंदू उजळतात.]

उसळीला खालून ढकलणारे हात असे तात्पुरते असतात, तर वर तिची वाट पाहणारे विक्रेते अगदी खरे असतात. जानेवारीत १८,००० ला घेऊन अडकलेला गुंतवणूकदार सहा महिने एकच वाक्य मनात घोळवत असतो : ‘घेतलेला भाव एकदा येऊ दे, मग सगळे विकून मोकळा होतो.’ मार्चमध्ये १७,००० ला ‘स्वस्त’ म्हणून घेणाराही त्याच रांगेत असतो, आणि काही महिन्यांनी त्याला तर मुद्दल सोडाच, दहा टक्के कमी आले तरी चालणार असते. त्यामुळे प्रत्येक उसळीला आधीच्यापेक्षा खालच्या पातळीवर विक्रेते भेटतात. २००८ मध्ये हे आलेखावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसते. फेब्रुवारीची उसळी १८,६६० च्या आसपास थांबली, मार्चच्या पडझडीनंतरची २ मे रोजी १७,६०० वर, आणि जुलैत सुरू झालेली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात १५,५०० च्या जवळ.

या शेवटच्या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. शिखरापासून १६ जुलैपर्यंत सेन्सेक्सने सुमारे ८,३०० अंश गमावले होते. बुधवारच्या त्या गाजलेल्या बंद भावापर्यंत त्यातले सुमारे २,३६० परत आले होते, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. ऑगस्टमधल्या सर्वोच्च पातळीपर्यंतही परत आलेला हिस्सा एक तृतीयांशाच्या थोडाच पुढे गेला. १९ टक्के हा आकडा तळापासून मोजला म्हणून मोठा वाटत होता. चाळीस टक्के पडलेल्या बाजाराला मूळ जागी यायला सुमारे सहासष्ट टक्के वाढावे लागते, आणि त्या हिशेबाने उसळी अजून पहिल्या मजल्यावरच होती.

दरम्यान, ज्या कारणांनी बाजार पडला होता ती तशीच होती. परदेशी वित्तसंस्था विकत होत्या. त्या वर्षभरात त्यांनी भारतीय बाजारातून निव्वळ पन्नास हजार कोटी रुपयांहून अधिक काढून घेतले. घाऊक महागाई बारा टक्क्यांच्या आसपास होती. विश्वासमताला जेमतेम आठवडा झाला, तोच २९ जुलैला रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने वाढवून ९ टक्के केला आणि सेन्सेक्स त्या दिवशी साडेपाचशेहून अधिक अंशांनी घसरला. लोकसभेतल्या मतदानाने सरकारचा प्रश्न सोडवला होता. पैशाच्या किमतीचा आणि परदेशी विक्रीचा प्रश्न त्या मतदानात नव्हताच.

[एक साधे घर. टेबलावर कॉन्ट्रॅक्ट नोट आणि कॅल्क्युलेटर.]

आता कल्पना करू, की ठाण्यातल्या एका नोकरदाराने त्या बुधवारी बंद भावाला निर्देशांकात दोन लाख रुपये घातले. ऑगस्टमध्ये त्याचे दोन लाख सात हजार झाले. खरे नुकसान या सात हजारांनी केले, असे माझे मत आहे, कारण त्यांनी त्याला तो बरोबर असल्याचा दाखला दिला. सप्टेंबरात बाजार १४,००० च्या आसपास आला तेव्हा त्याला भीती वाटली नाही, उलट त्याने ‘ॲव्हरेज’ करण्यासाठी, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणण्यासाठी, आणखी एक लाख घातले. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स दिवसभरात ७,६९७ पर्यंत जाऊन ८,५०९ वर बंद झाला, तेव्हा त्याच्या तीन लाखांचे सुमारे एक लाख पंचाहत्तर हजार उरले होते. पहिली खरेदी चुकीची ठरली हे दुर्दैव म्हणता येईल; दुसरी खरेदी पहिलीच्या समर्थनासाठी झाली होती.

निर्देशांकातला हा खरेदीदार थांबला असता तर पुढच्या जूनपर्यंत त्याला १५,००० दिसले असते. पण त्या जुलैत खरेदी फक्त निर्देशांकात होत नव्हती. जास्त पडलेले शेअर जास्त उसळतात, म्हणून घाईतला खरेदीदार नेमका बांधकाम आणि वीज कंपन्यांकडे वळतो, आणि त्यांपैकी अनेकांना ते भाव पुढे कित्येक वर्षे दिसले नाहीत.

[९ मार्च २००९. पडद्यावर ८,१६०.]

मग खरी तेजी सुरू होते तेव्हा ती वेगळी दिसते का? पहिल्या आठवड्यात मुळीच नाही. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला आणि तिथून चढू लागला, तेव्हा त्यालाही अनेकांनी मेलेले मांजरच म्हटले. फरक होता तो आजूबाजूला. जानेवारीत ‘सत्यम’चा घोटाळा उघड झाला होता, जगभरातून बातम्या वाईटच येत होत्या, आणि तरीही बाजार ऑक्टोबरच्या बंद भावापेक्षा फारसा खाली गेला नव्हता. विकणारे थकले होते. मग एप्रिलच्या सुरुवातीला निर्देशांकाने जानेवारीतला १०,३०० च्या आसपासचा उंचवटा ओलांडला. मागच्या वर्षीच्या तिन्ही उसळ्यांना आधीचा उंचवटा गाठता आला नव्हता. ही खूण उशिरा मिळते, तळापासून पंचवीस टक्के वाढ हातची गेल्यावर मिळते, आणि म्हणूनच तिची वाट पाहणे फार थोड्यांना जमते.

तीनदा पोळलेल्यांना तर ती दिसूनही पटली नाही. निवडणुकीचे निकाल लागल्यावर १८ मे २००९ च्या सोमवारी बाजार उघडताच वरच्या सर्किटला, म्हणजे वाढीवर घातलेल्या मर्यादेला, भिडला, व्यवहार थांबले, दोन तासांनी पुन्हा सुरू होताच पुन्हा भिडले आणि दिवसभरासाठी बंद झाले. सेन्सेक्स २,११० अंशांनी वाढून १४,२८४ वर होता. ज्यांनी त्या सकाळी अखेर खरेदी करायचे ठरवले होते, त्यांच्यासमोर भाव स्थिर होता आणि विकायला कोणी नव्हते.

[पडदा अंधारतो.]