जानेवारीच्या आधी एप्रिल

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या इंग्रजी कागदांचं मराठी भाषांतर करताना कुठं फसगत होते, ते आज मी तुम्हांला मुख्यतः दोन कागदांवरून सांगणार आहे. दोन्ही सतराव्या शतकातले, दोन्ही इंग्रजांच्या वखारींत लिहिलेले. पहिलं पत्र राजापूरच्या वखारीतल्या फिलिप गिफर्डचं. एप्रिल महिन्यातल्या या पत्रात शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानावर घातलेल्या छाप्याची बातमी आहे. हा छापा आपल्या पुण्यातला, लाल महालावरचा. दुसरा कागद सुरतेचा. तिथल्या वखारीचा पाद्री एस्कॅलियट सांगतो, की मंगळवारी, 5 जानेवारीला, सकाळी दहाच्या सुमारास शिवाजी शहराजवळ येऊन ठेपल्याची बातमी आली आणि एकच धावपळ उडाली.

आता साल पाहू. एप्रिलच्या पत्राचं साल 1663. आणि सुरतेच्या त्या जानेवारीतल्या कागदांवर त्या काळचा इंग्रज कारकून कोणतं साल घालायचा? तोही 1663च घालायचा. नव्यानं वाचायला बसलेला माणूस हे कागद साहजिकच जानेवारी आधी, एप्रिल नंतर, असे लावतो. तसं केलं, की शायिस्ताखान पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकून बसलेला असतानाच महाराज सुरतेवर गेले, असा इतिहास तयार होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. छापा आधी पडला, आणि सुरत त्यानंतर नऊ महिन्यांनी.

याचं कारण आपल्याला चटकन कळेल, कारण आपलं वर्षही जानेवारीत बदलत नाही. पाडव्याला शक बदलतो, त्यामुळे चैत्र आधी आणि पौष नंतर, तरी दोन्ही एकाच शकातले. जुन्या इंग्रजांचं नेमकं असंच होतं. त्यांचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून 1663चा एप्रिल वर्षाच्या तोंडाशी येतो आणि 1663चा जानेवारी वर्षाच्या शेपटाशी. आजच्या हिशेबानं तो जानेवारी 1664चा. काही लेखक सावध असत. ते 1663 लिहून पुढे तिरकी रेघ ओढत आणि 4 घालत. घाईत नक्कल करणाऱ्याच्या हातून ती रेघ आणि तो चार गळला, की साल एका वर्षानं मागे गेलंच म्हणून समजा. इंग्लंडनं हा घोळ मिटवला तो 1752मध्ये, तेव्हापासून त्यांचं वर्ष 1 जानेवारीला सुरू होऊ लागलं.

हे पडताळायचं कसं? वार पाहायचा. एस्कॅलियट मंगळवार म्हणतो. त्या काळची इंग्रजांची दिनदर्शिका आजच्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती, म्हणून त्यांची 5 जानेवारी ही आपली 15 जानेवारी. 15 जानेवारी 1663ला सोमवार येतो आणि 1664ला मंगळवार. झालं, साल पक्कं. शिवाय आपल्या गणनेत तो शके 1585चा पौष येतो, तोही 1664शीच जुळतो. ज्या कागदावर वार दिलेला आहे, त्याचं साल मी या हिशेबाशिवाय कधीच नक्की करत नाही. तारखेचे हे दहा दिवस लक्षात ठेवायला आणखी एक उदाहरण सांगतो. राज्याभिषेकाची आपण मानतो ती 6 जून 1674 ही तारीख त्याच जुन्या दिनदर्शिकेतली आहे. आजच्या मोजणीनं तो दिवस 16 जूनचा.

मार्चपासून सुरू होणाऱ्या जुन्या रोमन वर्षातून असाच आणखी एक खड्डा तयार होतो. महिन्याच्या जागी सात हा आकडा आणि त्याला चिकटून ‘बर’ लिहिलेलं दिसतं. मी सुरुवातीला असा एक कागद जुलैचा धरून अर्ध्याहून अधिक भाषांतर केलं होतं. पुढे मजकुरात आलं, की पाऊस सरला आणि जहाज माल भरून निघायच्या तयारीत आहे. ऐन जुलैत सुरतेहून जहाज कसं निघेल? तिथं मी थांबलो. सात म्हणजे लॅटिनमधला सेप्टेम, आणि तो महिना सप्टेंबर. मार्चपासून मोजा, सप्टेंबर सातवाच येतो. तसंच आठ आणि बर म्हणजे ऑक्टोबर, नऊ आणि बर म्हणजे नोव्हेंबर. आणि फुलीसारखा रोमन दहा पुढे ‘बर’ घेऊन आला, तर तो डिसेंबर.

अक्षराचं म्हणाल, तर थोड्याच गोष्टी डोळ्यांत बसवाव्या लागतात. शब्दाच्या मधला लांब एस हा एफसारखा दिसतो. ‘वाय’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ई’ असेल, तर त्याचा उच्चार ‘ये’ करायचा नाही, ते साधं ‘द’ आहे. ‘थ’चा उच्चार असलेलं एक जुनं अक्षर झिजत झिजत वायसारखं लिहिलं जाऊ लागलं होतं. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात, आय आणि जेही येतात. शाई कागदाच्या पाठीवर उमटलेली असेल, तर मागच्या ओळीचा एखादा फराटा पुढच्या अक्षराला चिकटून भलताच शब्द होतो. म्हणून शंका आली, की तेच अक्षर त्याच माणसानं त्याच पानावर आणखी कुठं काढलंय, ते शोधायचं आणि शेजारी ठेवून पाहायचं.

नावांसाठी मात्र डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतो. त्या काळी इंग्रजीचं शुद्धलेखनच ठरलेलं नव्हतं, मग मराठी नावांचं काय! लिहिणारा जे ऐकायचा तेच लिहायचा. एन, ई, आर, ए, जी, वाय. हे नुसतं पाहून काही बोध होत नाही. मोठ्यानं म्हणा, म्हणजे न्यायाधीश निराजीपंत समोर उभे राहतात. रायरी म्हणजे रायगड हे सोपं. पण नुसतं ‘राजापोर’ आलं, की सावध व्हायचं. ते वखारीचं राजापूर असेल किंवा जंजिऱ्यासमोरची दंडा राजपुरी. मजकुरात सिद्दी, त्याची गलबतं आणि चौल येत असेल, तर राजपुरी. वखारीतले गिफर्डसारखे लोक आणि मिऱ्याचा व्यापार असेल, तर राजापूर. खूण सापडली नाही, तर भाषांतरात ‘राजापोर’ असंच ठेवून खाली तशी टीप लिहायची.

तारखेलाही मी हाच नियम लावतो. कागदावरची तारीख जशीच्या तशी घ्यायची आणि आपली दुरुस्ती चौकोनी कंसात. पुढच्या वाचकाला मूळ काय आणि माझं काय, हे वेगळं दिसलं पाहिजे.

शेवटी एका शब्दाविषयी सांगतो, कारण नवे भाषांतरकार तिथं हमखास अडखळतात. सुरतेचे इंग्रज महाराजांना ‘बंडखोर’ म्हणतात. हात आपोआप ‘महाराज’ लिहायला जातो. माझाही जातो, आणि मी तो आवरतो. सुरत मोगलांची, तिथल्या सुभ्याच्या मर्जीवर त्यांचा व्यापार, तेव्हा त्यांच्या लेखणीतून मोगलांचाच शब्द उतरणार. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता, त्याच्या लिखाणात मात्र ‘राजा’ हा शब्द येतो. दोन्ही ठिकाणी मी ‘महाराज’ लिहून मोकळा झालो, तर कोण कुठं बसून कुणाच्या धाकात लिहीत होतं, ते मराठी वाचकाला कधीच कळणार नाही. म्हणून सुरतेच्या पानावर मी ‘बंडखोर’ लिहितो आणि रायगडाच्या पानावर ‘राजा’.

नमस्कार.