गोधडी काय अडवते आणि काय अडवत नाही

नमस्कार. घरच्या घरी मोबाईलवर स्वच्छ निवेदन कसे रेकॉर्ड करावे, हा आजचा विषय आहे, आणि पत्रिकेत 'खोलीतील गोंगाटावर नियंत्रण' असेही छापले आहे. तिथवर मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक गैरसमज दूर करू द्या, कारण त्यापायी अनेकांनी पैसे आणि उमेद दोन्ही घालवलेली मी पाहिली आहेत. खोलीत पडदे, गाद्या, फोम लावला की बाहेरचा आवाज आत येत नाही, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. मऊ वस्तू अडवते ते आपल्याच आवाजाचे भिंतीवरून परत येणे.

हे मला अनुभवातून कळले. काही वर्षांपूर्वी मी एका कथेचे वाचन रेकॉर्ड करून पाठवले आणि ते 'आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो' असा शेरा घेऊन परत आले. माझी खोली दहा फूट बाय अकरा फूट, खाली टाइल्स, चारही भिंती उघड्या. मी टेबलावर फोन ठेवून दोन फुटांवरून वाचत असे. शेरा आल्यावर मी खिडकीचा पातळ पडदा काढून भिंतीवर लावला, आणि आवाज सुधारण्याऐवजी आणखी कोंदट झाला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पातळ कापड 'स', 'श' यांच्यातील वरच्या पट्टीचे ध्वनी शोषते. खालच्या पट्टीच्या ध्वनिलहरी मात्र काही फूट लांबीच्या असतात, त्यांना कापडाचा अडथळा जाणवतच नाही. त्यामुळे चकाकी गेली आणि घुमणे तसेच राहिले.

मग मी आईने शिवलेल्या दोन जाड गोधड्या एकावर एक घालून दोरीवर टांगल्या, भिंतीला चिकटवून नव्हे, तर चार-पाच इंच पुढे. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळजवळ नसते. ती जिथे असते तिथे कापड असले तरच ते ध्वनीची ऊर्जा खाते, म्हणून मागची ती मोकळी जागा जाडीइतकीच उपयोगी ठरते. या गोधड्या माझ्या पाठीमागे होत्या आणि समोर कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. समोर आणि मागे दोन्हीकडे असे करावे लागते, कारण आपला आवाज आधी समोर जाऊन आदळतो आणि फोनचा माइक बहुधा सगळ्याच दिशांचे ऐकतो. टाळी वाजवून पाहिली. आधी तिच्यामागे जी झणझण उमटत असे, ती नाहीशी झाली होती.

तरीही सर्वांत मोठा फरक गोधडीने पडला नाही, अंतराने पडला. तोंड आणि फोन यांतील अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीचे घुमणे मात्र जवळपास तेवढेच राहते. दोन फुटांवरून मी अर्ध्या फुटावर आले, म्हणजे अंतर दोनदा निम्मे झाले आणि 12 डेसिबलचा लाभ झाला. मात्र इतक्या जवळून 'फ', 'भ', 'ख' यांचा श्वास माइकवर धडकतो, आणि मराठीत महाप्राण व्यंजनांना तोटा नाही. म्हणून फोन ओठांसमोर न धरता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत उभा करावा. टेबलावर तो आडवा ठेवू नये. टेबलाचा टणक पृष्ठभागही आवाज परतवतो. ठेवावाच लागला, तर खाली घडी घातलेला जाड टॉवेल हवा.

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा गोंगाटाचे थोडक्यात सांगते. तो कपड्यांनी जात नाही, बटणाने आणि वेळ निवडून जातो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, दारे-खिडक्या बंद. उकाडा होतो, म्हणून पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत. वाचण्यापूर्वी तीस सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करावे आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐकावे: एकसारखी गुणगुण बहुधा ट्यूबलाइटच्या चोकची किंवा चार्जरची, थांबून थांबून येणारी घरघर फ्रिजची. ही शांतता जपून ठेवावी. वाक्यांमधले काप भरायला तीच लागते. गोंगाट नंतर सॉफ्टवेअरने काढू म्हणाल, तर अल्प प्रमाणात निघतो, जास्त काढल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा उच्चारही ॲपच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही.

आणि फ्रिज बंद केलात, तर घराच्या किल्ल्या त्याच्या आत ठेवा. किल्ल्यांशिवाय आपण बाहेर पडत नाही, त्यामुळे तो पुन्हा सुरू करायचा राहून जात नाही.