दिवाळीच्या ईमेलमध्ये तारीख कुणाची लिहायची?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सणाची सुट्टी आणि डिस्पॅचची शेवटची तारीख’. तारखेकडे मी येणारच आहे. पण आधी त्या पणतीबद्दल बोलू द्या, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं.

आपल्या घरच्या धंद्यांतून परदेशी खरेदीदाराला जो ईमेल जातो, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. वर पणती, खाली रांगोळी, मध्ये सोनेरी अक्षरांत शुभेच्छा. आणि सुट्टीच्या तारखा? त्याही त्याच चित्रात, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. चित्र सुरेखच असतं, पुतण्याने रात्री जागून केलेलं असतं. पण समोरच्या कंपनीच्या मेलबॉक्समध्ये बाहेरून आलेली चित्रं बऱ्याचदा आपोआप उघडत नाहीत, तिथे नुसती रिकामी चौकट दिसते. चित्र दिसलं तरी पुढच्या आठवड्यात त्या माणसाने ‘दिवाळी’ म्हणून मेल शोधला, तर चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत. मग तो विचारतो, ‘तुम्ही कधी कळवलं होतं?’ आपण म्हणतो, ‘कळवलं होतं ना, पणतीच्या खाली!’

शुभेच्छा जरूर द्या, पण शेवटी द्या. तारखा साध्या मजकुरात आणि महिन्याचं नाव अक्षरांत लिहून. ‘10/11’ लिहिलंत तर आपल्याला आणि जर्मनीला १० नोव्हेंबर कळेल, अमेरिकेतल्या खरेदीदाराला मात्र ११ ऑक्टोबर. ‘सायंकाळी ५ पर्यंत’ लिहिलंत तर कुणाचे ५? ऑक्टोबरच्या मध्यात आपले ५ वाजतात तेव्हा जर्मनीत दुपारचा दीड असतो. २५ ऑक्टोबरला त्यांची घड्याळं मागे गेली की साडेबारा. घरच्या धंद्यात आणखी एक मौज असते. काका एक तारीख लिहितात, दादा दुसरी, आणि खरेदीदाराला दोन्ही मेल जातात. तारखा एकाच माणसाने पाठवाव्यात. काका रागावतील, पण दोन दिवसच.

पणतीतच दहा मिनिटं गेली. आता तारखेकडे.

एक उदाहरण धरू. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला कारखाना, यंत्रांचे सुटे भाग, वीस फुटी कंटेनर, न्हावा शेवाहून जहाजाने हॅम्बुर्गला. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज ११ ला. कारखाना ७ ते ११ बंद. नेहमीचा ईमेल सांगतो, ‘७ ते ११ बंद, त्याआधी डिस्पॅच करू.’ खरेदीदार समजतो की ६ तारखेला माल निघेल. आपणही तेच समजतो, गडबड इथेच आहे.

उलटं मोजत या. समजा जहाज शुक्रवारी ६ नोव्हेंबरला सुटतं. बंदरावर कंटेनर आत घेणं त्याआधीच बंद होतं. या जहाजासाठी ते बुधवारी ४ ला संध्याकाळी बंद होतं असं धरा. नागपूरच्या डेपोतून मालगाडीने न्हावा शेवा गाठायला, गाडीची वाट पाहणं धरून, सहा दिवस हाताशी असावेत. म्हणजे डेपोत कंटेनर गुरुवारी २९ ऑक्टोबरला हवा, कस्टम्सची परवानगी मिळालेला. कारखान्यात भराई आणि सील त्याआधी, मंगळवारी २७ ला. त्याच्याआधी तपासणी आणि पॅकिंगचे चार कामाचे दिवस. निर्यातीच्या लाकडी पेट्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, लाकडाचा गाभा किमान ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याचा. तसल्या पेट्या ऐन वेळी मागून मिळत नाहीत, कारण आजूबाजूचे सगळे त्याच आठवड्यात मागतात. या सगळ्याच्या तोंडावर मंगळवारी २० ऑक्टोबरला दसरा. नागपुरात दसरा म्हणजे दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी. त्या दोन-तीन दिवसांत शहरातल्या रस्त्यांवर ट्रकचा भरवसा धरू नका.

तेव्हा लेबलचा मजकूर, अंतिम नग आणि माल कुणाच्या नावे जायचा ते नाव, या तीन गोष्टी खरेदीदाराकडून सोमवारी १२ ऑक्टोबरला यायला हव्यात. ईमेलमध्ये ठळक लिहायची तारीख हीच. आपण कधी बंद आहोत यापेक्षा त्याने कधीपर्यंत काय करायचं, हे त्याला आधी दिसलं पाहिजे. विषयाच्या ओळीतच घाला:

```
Diwali closure 7–11 Nov 2026: confirm PO details by 12 Oct
```

आणि हा ईमेल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जाऊ द्या. १ ऑक्टोबरला पाठवलेल्या मेलला समोरचा ‘पाहून कळवतो’ म्हणाला, की १२ तारीख हातची गेलीच.

आता लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पतपत्र: ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. संयोजक घड्याळ दाखवताहेत, पण हे सोडता येणार नाही. पतपत्रात ‘माल पाठवण्याची शेवटची तारीख’ असते. बँक ती बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या पावतीवरच्या, माल जहाजावर चढल्याच्या तारखेवरून मोजते, हिंगण्याच्या गेटमधून ट्रक निघाल्यावरून नाही. आपल्या उदाहरणात या दोन तारखांत दहा दिवसांचं अंतर आहे. समजा शेवटची तारीख १० नोव्हेंबर आहे, ६ चं जहाज चुकलं आणि पुढचं १३ ला आहे. तेव्हा ‘दिवाळीत बँक बंद होती’ हे कारण चालत नाही. पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००, त्यांचं कलम २९ वाचा. पतपत्राची मुदत संपण्याचा किंवा कागद सादर करायचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीत आला, तर तो पुढच्या कामाच्या दिवसावर सरकतो. माल पाठवण्याची शेवटची तारीख मात्र सरकत नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून त्या ईमेलमध्येच विचारा, ‘पतपत्रातली तारीख २० नोव्हेंबर कराल का?’ दुरुस्तीला बँकांची आणि दोन्ही पक्षांची संमती लागते, नोव्हेंबरात धावाधाव करून ती मिळत नाही.

घाईत दोन गोष्टी. कारखाना १२ नोव्हेंबरला उघडेल, पण माणसं? पॅकिंगमध्ये बिहारची मुलं असतील तर छठ रविवारी १५ ला आहे, सोमवारी सकाळच्या अर्घ्यानंतर ती परतीला निघतील. म्हणून ‘१२ ला सुरू, पहिली भराई १९ नंतर’ असं दोन्ही लिहा. नाहीतर खरेदीदार १३ ला फोन करेल आणि आपण ‘हो, सुरू आहे’ म्हणून अडकू.

आणि बंदच्या पाच दिवसांत कुणीतरी मेल बघितलाच पाहिजे. ६ ला जहाज सुटलं की त्याच सुमारास शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंगचा मसुदा तपासायला पाठवते. मुदतीत उत्तर गेलं नाही, तर मसुदा चुकीसकट पक्का होऊ शकतो, मग दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही जातात. त्या माणसाचं नाव आणि नंबर ईमेलमध्ये घाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन उचलण्याची पाळी घरात कुणाची, ते मात्र आजच ठरवा. काकांकडे देऊ नका, ते फटाके वाजवत असतात.

बरं, प्रश्न घेऊया.