रोज की किलो: कापूस वेचणीची मजुरी

मंडळी, विषय मजुरीच्या दोन पद्धतींचा आहे, पण मी सुरुवात वेचणीपासूनच करणार. इथे परभणी-सेलूकडचे बरेच जण बसलेत, त्यांना दसऱ्यानंतरचा फड डोळ्यांपुढे उभा राहील.

आमच्या शेतात एका वर्षी वेचणी किलोवर दिली. बाया उजाडायच्या आत हजर! मला आनंद झाला. काट्यावर माप भरघोस, पहिल्या आठवड्यात रान पांढरंचं हिरवं झालं. व्यापाऱ्यानं मात्र गाठोड्यात हात घातला, कापूस मुठीत दाबला. तो परत फुगेना. सरकी दाताखाली धरली, तर कट् आवाज नाही. दवातला कापूस! शिवाय आत पाला आणि किडकी, डागाळलेली कवडी. सरकारसाठी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा पूर्ण हमीभाव 8 टक्के ओलाव्याला मिळतो, पुढे कपात होते आणि 12 च्या वर खरेदीच नाही. व्यापाऱ्यानं तोच हिशेब लावून भाव पाडला. मी बायांना दोष देत नाही. आपण वजनाला पैसे देतो, मग पाणीही वजनच. दव सुकल्यावर वेचणी, कवडीची वेगळी झोळी आणि स्वच्छ मालाला किलोमागं रुपया जास्त, हे ठरवायचं काम मालकाचं होतं.

पुढच्या वर्षी रोजानं लावली. कापूस स्वच्छ आला, पण बांधावर गप्पा रंगल्या आणि मालकाला दिवसभर रानात उभं राहावं लागलं. ती देखरेखही खर्चच, पण वहीत कोणी मांडत नाही.

वेळ कमी आहे, म्हणून मुख्य हिशेब पटकन सांगतो. समजा रोज 300 रुपये आणि किलोचा दर 8 रुपये. पहिल्या वेचणीत बाई 50 किलो वेचते. रोजानं मालकाला किलोमागं 6 रुपये पडतात. किलोवर 8 पडतात, पण बाईला 400 मिळतात. शेवटच्या वेचणीत बोंडं विरळ, कशीबशी 15 किलो निघतात. रोजानं किलोला 20 रुपये पडतात, म्हणून मालक किलोवर द्यायला बघतो. तसं दिलं तर बाईच्या हाती 120. मग ती दुसऱ्याच्या रानात जाते आणि दर चढवावा लागतो.

दोन्ही पद्धती 37.5 किलोवर सारख्या येतात. त्याच्या वर माल असला तर बाईला किलो परवडतो, खाली असला तर रोज. विरळ बोंडांचा तोटा रोजात मालकाचा, किलोत मजुराचा, आणि बोंड विरळ पडण्यात मजुराचा काय दोष? 1948 च्या किमान वेतन कायद्यातही हेच होतं: किमान वेतन वेळेवर ठरलेलं असेल, तर कामाच्या मापावर राबणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, पहिली वेचणी किलोवर द्या, पण शेवटच्या वेचणीला किलोच्या दरासोबत रोजाची हमीही द्या.