m सापडला, पण x कुठे आहे? चौथ्या घाताचं समीकरण आणि चार मुळांचा ताळा

नमस्कार मंडळी! 'm बरोबर आला, तरी उत्तर चूक कसं?' ही कमेंट इतक्या वेळा येते की आज फक्त त्याच्यावरच बोलू. हे समीकरण वहीत लिहून घ्या.

4x⁴ − 5x² − 9 = 0

यात x³ नाही आणि नुसता x पण नाही. x⁴ म्हणजे x² चा वर्ग, म्हणून x² = m मानायचं. मिळालं 4m² − 5m − 9 = 0. मधलं पद फोडायला −9 आणि 4 घ्या, अवयव पडतात (4m − 9)(m + 1) = 0. म्हणून m = 9/4 किंवा m = −1. इथपर्यंत सगळ्यांना येतं, त्यामुळे पुढे जाऊ.

आता इथे पेन खाली ठेवू नका! निम्मी मुलं इथेच खाली दोन रेघा मारतात आणि उत्तर म्हणून 9/4 आणि −1 लिहितात. अहो, विचारलाय x. m हे अक्षर आपण सोयीसाठी आणलं, प्रश्नात ते नव्हतंच.

पटत नसेल तर −1 मूळ समीकरणात x च्या जागी घालून बघा. 4 − 5 − 9, म्हणजे −10. शून्य आलं नाही. मग कमेंट येते, 'पण m च्या समीकरणात घातलं तर शून्य येतं!' येणारच, कारण −1 हे m चं मूळ आहे. ताळा नेहमी प्रश्नात दिलेल्या समीकरणात करायचा, मधल्या पायरीत नाही. आणि हेही पटत नसेल तर मुळं मोजा. घात चार आहे, तुमच्याकडे उत्तरं दोनच आहेत, म्हणजे काम अर्धं राहिलंय.

तर परत x कडे येऊ. x² = 9/4, म्हणून x = 3/2 किंवा x = −3/2. ते वजा चिन्ह विसरू नका, सगळ्यात जास्त गुण तिथे जातात.

दुसरं, x² = −1. इथे 'उत्तर नाही' असं लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा. 'वास्तव मुळे काढा' असं म्हटलं असेल, तर x² = −1 ला वास्तव मूळ नाही असं स्पष्ट लिहून 3/2 आणि −3/2 वर थांबायचं. संमिश्र संख्या शिकला असाल आणि सगळी मुळं मागितली असतील, तर x = i आणि x = −i.

आता ताळा. x = 3/2 असेल तर x² = 9/4 आणि x⁴ = 81/16. चारने गुणून 81/4, त्यातून 45/4 वजा केले की 36/4 म्हणजे 9 उरतात, आणि 9 − 9 = 0. x = i साठी x² = −1 आणि x⁴ = 1, म्हणून 4 + 5 − 9 = 0. इथे मुलं i⁴ = −1 लिहितात. तसं केलंत तर −4 + 5 − 9 = −8 येईल आणि बरोबर मूळ चूक वाटेल. −1 चा वर्ग 1, एवढं लक्षात ठेवा. −3/2 आणि −i वेगळे घालायची गरज नाही, कारण समीकरणात x चे फक्त सम घात आहेत आणि सम घातात वजा चिन्ह जातं.

पण असा ताळा जमला म्हणजे सगळी मुळं सापडली असं नाही. प्रत्येक मूळ बरोबर असूनही एखादं राहून जातं. त्यासाठी मुळांचा गुणाकार करा. घात चार असताना तो शेवटची संख्या भागिले x⁴ चा सहगुणक इतका, म्हणजे इथे −9/4 यायला हवा. 3/2 आणि −3/2 यांचा गुणाकार −9/4, i आणि −i यांचा 1. जुळलं. i ची जोडी विसरलात तरी इथे −9/4 च येतं, म्हणून गुणाकाराआधी चार मुळं मोजून घ्या.

एक शेवटची अडचण, कारण तीही खूप जण विचारतात.

(x² − 3x)² − 2(x² − 3x) − 8 = 0

m = x² − 3x मानलं की m = 4 किंवा −2. आता सवयीने √4 काढायला जाऊ नका! इथे m हा x² नाही. x² − 3x − 4 = 0 सोडवून 4 आणि −1 मिळतात, x² − 3x + 2 = 0 सोडवून 1 आणि 2. चिन्ह उलटायची सोय पण इथे नाही, कारण मूळ 4 आहे, पण −4 घातलंत तर कंस 28 होतो आणि डावी बाजू 784 − 56 − 8 = 720 येते. म्हणून इथे चारही मुळं एकेक करून घालायची. 4 आणि −1 ला कंस 4 येतो, 16 − 8 − 8 = 0. 1 आणि 2 ला कंस −2 येतो, 4 + 4 − 8 = 0.