काचेला कोटिंग केलं आणि वायपर बिघडला

(कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, मेकॅनिक आणि गाडीमालकांसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. मृग निघायला थोडेच दिवस उरलेत. दरवर्षी याच सुमाराला माझ्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. वायपर आपोआप चालणारा असतो, पण भुरभुर सुरू झाली तरी हलत नाही. एकदा हलला की काच कोरडी झाली तरी थांबत नाही. मालक सांगतात, सेन्सर गेला, बदला. मी विचारतो, काचेला काही लावलंय का? दहातले बरेच जण म्हणतात, हो, मेमध्येच पाणी झटकणारं कोटिंग करून घेतलंय. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात एका प्रयोगाने करू. काचेचा सरळ उभा ग्लास पाण्याने भरून हातात धरा आणि वरून, पाण्यातून, तिरकं बघत ग्लासची आतली बाजू बघा. ती आरशासारखी चंदेरी दिसेल. बाहेरून कोरडं बोट टेकवलंत तर ते नीट दिसत नाही. तेच बोट ओलं करून दाबलंत की एकदम ठळक दिसतं. कोरड्या बोटाच्या आणि काचेच्या मध्ये हवेचा पातळ थर राहतो, त्यामुळे किरण काचेवरून परत फिरतात. ओल्या बोटाने हवा हटते आणि किरणांना बाहेर जायला वाट मिळते. पावसाचा सेन्सर याच वाटेवर लक्ष ठेवतो.

आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेली ती काळी डबी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात इन्फ्रारेड किरण सोडणारे एलईडी असतात. ते किरण काचेत साधारण 45 अंशांनी शिरतात. काच आणि हवा यांचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पलीकडे किरण बाहेर न पडता पूर्ण परत फिरतात तो कोन, सुमारे 41 अंश आहे. 45 त्यापेक्षा जास्त, म्हणून बाहेरच्या पृष्ठभागावरून किरण पूर्ण परत फिरतात आणि डबीतल्या फोटोडायोडवर पडतात. काचेवर थेंब बसला की तिथे काच आणि पाणी अशी जोडी होते. त्यांचा क्रांतिक कोन सुमारे 61 अंशांचा. मग 45 अंशांचा किरण थेंबात शिरतो आणि त्याच्या गोलसर पाठीवरून बाहेर पडतो. फोटोडायोडकडे परतणारा प्रकाश कमी होतो. किती कमी झाला आणि किती झपाट्याने कमी झाला, यावरून वायपर कधी आणि किती वेगाने फिरवायचा ते ठरतं. एलईडी भराभर उघडझाप करत असतो, म्हणून ऊन किंवा समोरच्या गाडीचे दिवे यांनी सेन्सर सहसा फसत नाही.

आता माझा खरा मुद्दा. थेंबाची पाठ गोलसर असते म्हणून किरण बाहेर जातो, हे मी मुद्दाम सांगितलं. पाण्याचा थर काचेवर एकसारखा, सपाट पसरला तर काय होईल? किरण काचेतून पाण्यात शिरतो, पण पाण्याच्या वरच्या, हवेकडच्या सपाट पृष्ठभागावर पुन्हा पूर्ण परावर्तन होतं. तो परत काचेत येतो आणि फोटोडायोडला सापडतो. म्हणजे पातळ सपाट थर सेन्सरला जवळपास कोरड्या काचेसारखा भासतो, आणि टपोरा थेंब ओला. सेन्सर पाण्याचं प्रमाण मोजत नाही, पाण्याचा आकार मोजतो. कोटिंग नेमका तोच आकार बदलतं.

लोक समजतात की कोटिंगच्या थरामुळे किरण अडतात. तसं नाही. चांगलं बसलेलं कोटिंग इतकं पातळ असतं की त्याचा किरणांवर परिणाम जाणवत नाही. गोंधळ होतो तो पाण्याच्या वागण्यामुळे. स्वच्छ साध्या काचेवर थेंब पसरट बसतो, रुंद जागा ओली करतो. कोटिंग असलं की तोच थेंब मोत्यासारखा गोळा होतो आणि काचेला अगदी लहान जागेत टेकतो. किरणांना गळायला जागाच कमी, म्हणून सेन्सरला पाऊस कमी वाटतो. वर गाडी वेगात असेल तर वाऱ्याने ते मोती वर सरकून निघूनही जातात. त्यामुळे भुरभुर चालू असताना वायपर उशिरा येतो.

वायपर एकदा फिरला की उलटा प्रकार. साध्या काचेवर पात्याच्या मागे ओलसर, पातळ सपाट थर राहतो. तो किरण परत पाठवतो, सेन्सर म्हणतो काच साफ झाली आणि थांबतो. कोटिंगच्या काचेवर तो थर टिकत नाही, फुटतो आणि बारीक बारीक थेंबांचं जाळं मागे राहतं. प्रत्येकाची पाठ गोल. सेन्सरच्या दृष्टीने काच अजून ओलीच आहे. म्हणून तो पुन्हा फेरी मारतो. त्या फेरीतही तेच जाळं. दोन्ही तक्रारी एकाच गाडीत एकाच वेळी का येतात, ते इथे समजतं.

मागच्या जूनमधली एक गाडी सांगतो. मालक गगनबावड्याच्या बाजूला रोज कामाला जाणारे. फुलेवाडी ओलांडली की पाऊस, आणि पुढे घाटाकडे धुकं. त्यांनी कोटिंग करून घेतलं होतं आणि वायपरच्या दांड्यावरची, सेन्सर किती तल्लख ठेवायचा ते ठरवणारी कडी सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवली होती. तरी भुरभुरीत वायपर उशिरा येई, मग कोरड्या काचेवर खरखरत राही. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सेन्सर बदलायला सांगितलं होतं.

मी आधी डबीकडे पाहिलं. बाहेरून टॉर्च मारून, आरशाच्या समोरच्या काळ्या पट्टीतल्या त्या छोट्या खिडकीत. डबी आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची चकती असते. काच बदलताना ती नीट बसली नाही तर आत हवेचे बुडबुडे राहतात आणि चांदीसारखे ठिपके दिसतात. तिथे किरण काचेत शिरतच नाहीत, मग वायपर वाटेल तसा वागतो. या गाडीत ठिपके नव्हते. म्हणजे तो दोष बाजूला.

मग गाडी उभी ठेवून, इंजिन चालू, दांडा ऑटोवर, कडी मधल्या खुणेवर, आणि काचेपासून हात लांब. साध्या स्प्रे बाटलीने फक्त त्या खिडकीसमोर पाणी मारलं. चौथ्या फवाऱ्याला वायपर हलला. फवारा बंद केल्यावरही आणखी तीन फेऱ्या झाल्या, शेवटच्या दोन कोरड्याच. सेन्सर पाहत होता आणि उत्तरही देत होता. त्याला दिसणारं चित्र चुकीचं होतं, तो स्वतः नव्हे.

मग खिडकीसमोर काचेबाहेर तळहाताएवढा चौकोन टेपने आखला. आधी तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. त्याने वरवरचं तेल आणि मेण निघतं, पण मुरलेलं कोटिंग निघत नाही. पाणी मारलं तर अजून मोतीच. मग काचेसाठीचं सेरियम ऑक्साइड पॉलिश ओलं करून फोमच्या पॅडने हाताने घासलं, मशीन न लावता. सुमारे दहा मिनिटांनी पाणी मारलं तेव्हा ते मोती न होता चादरीसारखं पसरलं. तेवढ्या चौकोनातलं कोटिंग निघाल्याची हीच खूण. बाकी काच जशीच्या तशी ठेवली. मालकांनी पैसे दिले होते, आणि डोळ्यासमोरच्या काचेवर कोटिंगचा फायदा खराच आहे.

पात्याकडेही पाहावं लागतं. कोटिंग लावताना उरलेला चिकट थर पात्याच्या रबरावर बसतो आणि दर फेरीला परत काचेवर ओढला जातो. थरथर आणि खरखर बहुतेक त्याचीच. रबर त्याच अल्कोहोलने पुसलं, पण कड कडक झाली होती म्हणून पाती बदलली. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं आणि तोच फवारा मारला. दुसऱ्या फवाऱ्याला वायपर आला, एक फेरी मारून थांबला.

आता कडीचं. ती वायपरचा वेग ठरवत नाही. परतणारा प्रकाश किती कमी झाला की हलायचं, ती मर्यादा ठरवते. कडी वर नेली की थोड्या घसरणीवरही सेन्सर हलतो. म्हणून कोटिंगच्या काचेवर ती शेंड्याला ठेवली की बारीक थेंबांचं जाळंच त्याला पाऊस वाटतं आणि कोरडी घासाघीस वाढते. मधल्या खुणेपासून सुरुवात करा. भुरभुरीत, 40-50 च्या एकसारख्या वेगाने जाताना बघा. उशीर वाटला तर एकच खूण वर घ्या आणि चार-पाच फेऱ्या होईपर्यंत हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत खूण वर केल्यावर वायपर एक फेरी मारतो, ती फक्त दखल घेतल्याची असते, तिच्यावरून निवाडा करू नका. काही गाड्यांत कडी नसते, ही सोय स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये असते. रीत तीच.

कडी काय करू शकत नाही, हेही सांगतो. उसाच्या ट्रॉलीने किंवा ट्रकने तुमच्या बाजूच्या काचेवर चिखलपाणी उडवलं आणि त्या छोट्या खिडकीवर काही पडलं नाही, तर सेन्सरला पत्ताच लागत नाही. तिथे हाताने वायपर चालवा. घाटात काच आतून धूसर झाली तर कडी वर करून उपयोग नाही, कारण डबी काचेला चिकटलेली असते आणि तिच्यासमोर आतून वाफ बसत नाही. तिथे एसीची हवा काचेवर सोडा. बाहेरून बसलेलं धुकं मात्र बारीक थेंबांचं असतं, ते सेन्सरला दिसतं.

समोरून एका भाऊंचा प्रश्न आलाय, नवीन कोटिंग करायचं असेल तर आधीच काय सांगायचं? दुकानदाराला सांगा की आरशासमोरचा तळहाताएवढा चौकोन टेपने झाकून ठेव, तिथे काही लावू नको, आणि काम झाल्यावर पाती पुसून दे. काम चालू असताना दांडा ऑटोवर नाही, हे खात्रीने बघा. त्या खिडकीसमोर ओलं फडकं फिरलं की सेन्सरला पाऊस पडल्यासारखं वाटतं आणि वायपर पोराच्या हातावर येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच शेडमधल्या एका मुलाचं बोट असं पात्याखाली सापडलं होतं. तेव्हापासून काचेला हात लावण्याआधी चावी काढून खिशात ठेवायची, हा आमच्या शेडचा नियम आहे.